सातारा कधी खालसा झालं? चारही सालं खरी आहेत, घोळ तिथंच आहे

आधी हा प्रश्न बघा. पोलीस भरतीपासून राज्यसेवेपर्यंत थोड्याफार फरकानं फिरणारा आहे.

सातारचे राज्य इंग्रजांनी केव्हा खालसा केले? पर्याय : १८१८, १८३९, १८४८, १८५६.

यातलं एकही साल हवेतून आणलेलं नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि छत्रपती प्रतापसिंह पेशव्यांच्या नजरकैदेतून सुटून इंग्रजांच्या हाती आले. १८३९ मध्ये त्याच प्रतापसिंहांना इंग्रजांनी गादीवरून खाली ओढलं. १८४८ मध्ये राज्य खालसा करायचा निर्णय झाला. १८५६ मध्येही एक राज्य खालसा झालं, पण ते अवध. म्हणजे पोरगं सालं घोकून आलं असेल तर त्याला चारही ओळखीची वाटणार, आणि ओळखीचं वाटलं की हात आपोआप गोल काळा करतो. प्रश्न काढणारा खोटं काही लिहीत नाही. तो दुसऱ्या प्रश्नांची खरी उत्तरं आणून तुमच्यापुढं मांडतो.

मी राहतो कराडला. बातम्या सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांच्या करतो, त्यामुळे सगळीकडच्या अभ्यासिकांत माझं जाणंयेणं असतं. शेतमजुराची पोरगी असते, दोन एकरवाल्याचा पोरगा असतो, दिवसाला डबा एक आणि खुर्ची बारा तास. एका प्रश्नाला दोन गुण, चुकला तर पाव भाग वजा, आणि कटऑफ अर्ध्या-एक गुणानं हुकणारी पोरं मी दर निकालाला बघतो. त्यांना कुणी सांगतं का, की असे जुळ्या भावांसारखे दिसणारे पर्याय वेगळे कसे ओळखायचे? बाजारातल्या वन-लायनरच्या पुस्तकांत एका ओळीत साल आणि एका ओळीत कारण असतं. मधली साखळी गायब. साखळी नसली की सालं सुटी होतात, आणि सुटी सालं परीक्षेच्या हॉलमध्ये एकमेकांत मिसळतात.

माझी भाची सांगलीत तयारी करते. दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं वहीच पुढ्यात टाकली. म्हणाली, "मामा, तुमच्याच जिल्ह्याचा प्रश्न आणि माझा दरवेळी चुकतोय. १८३९ का १८४८, हेच कळत नाही."

मी म्हटलं, "साल सोड. कुणाला काय केलं ते सांग."

आमच्या धंद्यात हे पहिल्या महिन्यात शिकवतात. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आमचे एक सर बातमीतलं क्रियापद लाल पेनानं गोल करायचे. टेंभू योजनेची बातमी घ्या. प्रशासकीय मान्यता मिळाली, निधी मंजूर झाला, काम सुरू झालं, पाणी सोडलं. चार वेगवेगळ्या बातम्या, चार तारखा, आणि चारही दिवशी कुणीतरी फटाके वाजवलेले. "टेंभू कधी झाली?" असं कुणी विचारलं तर उत्तरच देता येत नाही. आधी विचारावं लागतं, "झाली म्हणजे काय झाली?" इतिहासाच्या प्रश्नाचंही तसंच आहे. पर्याय नंतर वाचायचे. आधी प्रश्नातलं क्रियापद पकडायचं आणि ते कुणावर घडलं ते बघायचं.

तर सातारची साखळी अशी. १८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांना मराठी मुलुखात लोकांची समजूत काढायला छत्रपतींचं नाव हवं होतं. म्हणून २५ सप्टेंबर १८१९ ला कंपनीनं प्रतापसिंहांशी तह केला आणि त्यांना सातारचं छोटं राज्य दिलं. हा तह नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावर उभं आहे. तहात राज्य राजाला, त्याच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना दिलं होतं. पण राज्य देणारी कंपनी होती.

प्रतापसिंह कर्तबगार निघाले, आणि कंपनीला डोईजड वाटायला लागले. त्यांच्यावर ठपका आला की गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी त्यांनी गुप्त संधान बांधलं, कंपनीचे शिपाई फितवायचा प्रयत्न केला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. इथं क्रियापद 'पदच्युत केले'. घडलं राजावर, राज्यावर नाही. राज्य तसंच राहिलं आणि गादीवर प्रतापसिंहांचे धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब बसले. (हे आप्पासाहेब वेगळे, नागपूरचे वेगळे. एकाच गोष्टीत दोन आप्पासाहेब, त्यामुळे जोड्या लावायच्या प्रश्नात इथं हमखास गडबड होते.)

प्रतापसिंह १८४७ च्या ऑक्टोबरात काशीला वारले. पुढच्या जानेवारीत डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला. ५ एप्रिल १८४८ ला साताऱ्यात आप्पासाहेब वारले. त्यांना स्वतःचा मुलगा नव्हता, म्हणून मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी एक मुलगा दत्तक घेतला. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर क्लार्क याचं मत होतं की दत्तक मानावा आणि राज्य चालू ठेवावं. तो लवकरच पायउतार झाला. डलहौसीचं मत उलट होतं. त्यानं खालसाच्या बाजूनं निर्णय दिला आणि लंडनच्या संचालकांनी त्यावर जानेवारी १८४९ मध्ये शिक्का मारला. इथं क्रियापद 'खालसा केले', आणि ते राज्यावर घडलं.

आता भाचीला मी कागदावर दोनच वाक्यं लिहायला लावली. १८३९ : राजा गेला, राज्य राहिलं. १८४८ : राजा वारला, राज्य गेलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "मग डलहौसीनं प्रतापसिंहाला काढलं हे विधान आपोआप चूक की." बरोबर. डलहौसी भारतात यायच्या आधीच प्रतापसिंह वारलेले होते. विधानं तपासायच्या प्रश्नात ही जोडी चारपाच पद्धतींनी विचारता येते, आणि एकदा साखळी बसली की एकही तारीख न आठवता ती ओळखता येते.

कारणाचा प्रश्न याहून अवघड, कारण तिथं आकडा नसतो. हा बघा :

सातारा खालसा करताना कंपनीने कोणता आधार घेतला? (१) राजाचा गैरकारभार (२) राजाने कंपनीविरुद्ध केलेला कट (३) राजाला वारस नसणे (४) राजाने घेतलेला दत्तक राज्याचा वारस म्हणून नामंजूर करणे.

गैरकारभार हे अवधचं कारण. तिथं तर नबाब हयात होता, वारसाचा प्रश्नच नव्हता. कट हे १८३९ चं कारण, म्हणजे साताऱ्याचंच, पण नऊ वर्षं आधीच्या घटनेचं. हे दोन उडाले. खरी मेख तिसऱ्या आणि चौथ्यात आहे, आणि बहुतेक पोरं तिसऱ्यावर जातात. "वारस नव्हता म्हणून खालसा" हे आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. आमच्याकडचे पुढारी भाषणातसुद्धा तसंच म्हणतात.

पण वारस होता. दत्तक होता. डलहौसीसुद्धा दत्तकविधी झालाच नाही असं म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं असं, की दत्तकाला राजाची खाजगी मालमत्ता मिळेल, धर्मकृत्यं तो करील, पण राज्य मिळणार नाही. का? तर हे राज्य कंपनीनं निर्माण केलेलं आणि कंपनीच्या अधीन. अशा राज्यात दत्तकाकडे गादी जायची तर वरिष्ठ सत्तेची परवानगी लागते, आणि ती आम्ही देत नाही. १८१९ च्या तहातल्या 'वारस' या शब्दात दत्तक येतो का, हा सगळा वाद. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे येतो, हिंदुस्थानात शेकडो गाद्या दत्तकानं चालल्या. कंपनीनं आपल्या सोयीचा अर्थ लावला.

म्हणून (३) आणि (४) दिसायला सारखे असले तरी एकात कंपनीचा निष्कर्ष सत्य म्हणून लिहिलाय आणि दुसऱ्यात घडलेली गोष्ट लिहिलीय. 'वारस नव्हता' हे मत आहे. 'दत्तक नामंजूर केला' ही कृती आहे. कारणाच्या प्रश्नात दोन पर्याय चिकटून आले, की कोणता पर्याय कुणाच्या तोंडचा आहे हे बघावं. बातमीत आम्ही 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' असं लिहितो ना, तेच. पर्यायातून 'म्हणण्यानुसार' गळालं की मत वस्तुस्थितीचे कपडे घालून येतं. माझ्या मते हा फरक न शिकवणं हा गुणांपेक्षा मोठा तोटा आहे. सातारची पोरं पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच गादीबद्दल डलहौसीचं वाक्य पाठ करतायत.

आणखी एक. 'डलहौसीने दत्तक नामंजूर करून खालसा केलेले पहिले राज्य' म्हटलं की सातारा. पण 'दत्तक नामंजूर करण्याची पद्धत डलहौसीने सुरू केली' हे विधान चूक. अलिबागचं आंग्र्यांचं कुलाबा संस्थान कंपनीनं त्याच्या आधीच वारसाच्या मुद्द्यावर घशात घातलं होतं. 'सुरू केली' आणि 'सरसकट वापरली' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला, एकमेव, सर्वप्रथम असे शब्द पर्यायात दिसले की दोन सेकंद थांबायचं.

साखळीचा दुसरा उपयोग म्हणजे कारण नेहमी परिणामाच्या आधी असतं. ऐकायला बाळबोध वाटतं, पण रंगो बापूजींवर लावून बघा. रंगो बापूजी गुप्ते लंडनला कशासाठी गेले? 'सातारा खालसा केल्याविरुद्ध दाद मागायला' हा पर्याय इतका सरळ वाटतो की पुढचा कुणी वाचतच नाही. पण ते गेले प्रतापसिंहांना पदच्युत केल्यावर, त्यांची बाजू मांडायला. तिथं चौदाएक वर्षं राहिले. राज्य खालसा झालं तेव्हा ते लंडनमध्येच होते. पुढं त्यांनी त्याविरुद्धही धडपड केली, पण जाण्याचं कारण ते असू शकत नाही, कारण ते गेले तेव्हा राज्य शाबूत होतं. तो माणूस नंतर सत्तावनच्या उठावात उतरला, त्यात त्याचा मुलगा फासावर गेला. त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

पर्यायात १८४८ आणि १८४९ दोन्ही आले तर काय? हे होऊ शकतं, आणि इथं प्रामाणिकपणे सांगायचं तर नुसत्या वाचनानं सुटत नाही. डलहौसीचा निर्णय १८४८ चा, लंडनची मंजुरी १८४९ ची. बहुतेक पाठ्यपुस्तकं १८४८ देतात, म्हणून प्रश्नात आणखी काही खूण नसेल तर १८४८. 'संचालक मंडळाची मंजुरी' असे शब्द असतील तर १८४९. काहीच खूण नाही आणि उत्तरतालिकेत १८४९ आलं, तर हरकत घ्यायची आणि पाठ्यपुस्तकाचं पान जोडायचं. दोष प्रश्नाचा असतो तेव्हा तो आपल्या अभ्यासाचा मानून रडत बसायचं नाही.

पण असा प्रश्न सोडूनही द्यायचा नाही. हिशेब सोपा आहे. दोन गुणांचा प्रश्न, चुकला तर अर्धा वजा. दोन पर्याय नक्की उडवले आणि दोन राहिले, असे चार प्रश्न सोडवले तर सरासरी दोन बरोबर येतील : चार गुण मिळाले, एक गेला, तीन हातात. सोडले असते तर शून्य. भाची अशा प्रश्नांना भिऊन कोरं ठेवायची.

आता आमच्याच भागातलं दुसरं जुळं. सातारचं प्रतिसरकार आणि औंधचा प्रयोग. दोन्ही स्वराज्याचे, दोन्हीत गावपातळीचा कारभार, दोन्ही याच मुलुखातले, आणि मध्ये चारपाच वर्षांचंच अंतर. औंध संस्थानात राजा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतःहून अधिकार प्रजेला दिले. गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये लागू झाली. म्हणजे वरून खाली आलेली सत्ता, कायद्यानं दिलेली. प्रतिसरकार उलटं. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. तासगावचा शांततेत पार पडला, वडूजला ९ तारखेला आणि इस्लामपूरला १० तारखेला गोळीबार झाला. मोर्चाचा रस्ता बंद झाल्यावर माणसं भूमिगत झाली आणि १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. न्यायनिवाडा, गावगुंडांचा बंदोबस्त, तुफान सेना, सगळं इंग्रजी कायद्याच्या बाहेर.

इथं पर्याय असे येतात : प्रतिसरकारची स्थापना १९३९, १९४२, १९४३, १९४६. एकोणचाळीस औंधचं. बेचाळीस चले जावचं आणि मोर्चांचं. शेहेचाळीसमध्ये नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले. बेचाळीसवर सगळ्यात जास्त पोरं फसतात, कारण 'बेचाळीसची चळवळ' हा शब्द तोंडात बसलेला. पण गोळीबार आधी आणि प्रतिसरकार नंतर, हे कारण लक्षात असेल तर साल आपोआप पुढं सरकतं. आणि हे दोन प्रयोग फक्त पुस्तकातच शेजारी नाहीत. प्रतिसरकारचं मोठं केंद्र असलेलं कुंडल औंध संस्थानात होतं.

आता कुंडल कोणत्या जिल्ह्यात? आज सांगली. मग 'सातारचं प्रतिसरकार' कसं? कारण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं, आणि वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. 'सांगली जिल्ह्याची निर्मिती' विचारली तर १९४९, 'सांगली हे नाव' विचारलं तर १९६०. पुन्हा क्रियापद. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र, यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे, दोन्ही गावं जन्माच्या वेळी साताऱ्यात, आज सांगलीत. यावरून दोन्ही जिल्ह्यांची माणसं फेसबुकवर भांडतात, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात.

नागरिकशास्त्रात हेच खातं थोडं कोरडं आहे, पण नियम तोच. एक कायदा तीनचार वेळा जन्माला येतो : मांडला, मंजूर झाला, सही झाली, अमलात आला. पंचायत राजची ७३ वी घटनादुरुस्ती संसदेनं डिसेंबर १९९२ मध्ये मंजूर केली, अमलात आली २४ एप्रिल १९९३ ला. दोन्ही सालं पर्यायात ठेवली की झालं. संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला, अमलात आलं २६ जानेवारी १९५० ला, हे आता शाळकरी पोरालाही येतं. म्हणून प्रश्न काढणारा एक पायरी खाली उतरतो : 'संविधानातील सर्व तरतुदी २६ जानेवारी १९५० पासून लागू झाल्या.' बरोबर की चूक?

चूक. नागरिकत्वाची कलमं, निवडणूक आयोगाचं ३२४ वं कलम आणि आणखी काही तरतुदी २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाल्या होत्या. ते ३९४ व्या कलमात लिहिलेलं आहे. आणि म्हणूनच निवडणूक आयोग प्रजासत्ताकाच्या एक दिवस आधी, २५ जानेवारी १९५० ला स्थापन होऊ शकला. ज्या दिवशी आपण आता मतदार दिन पाळतो, तो हाच.

भाचीनं हे ऐकून वहीत २५ जानेवारी लिहिलं आणि मग थांबून विचारलं, "मामा, स्थापन झाला तो दिवस, की कलम लागू झालं तो?"